अंगठ्याखालचा आकडा

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. नंतर कोणी म्हणायला नको की या बाईनं स्वतःची बाजू सावरून लिहिलं. माझं डोकं तापलं की समोरचा कोण, किती वर्षांचा, काय लायकीचा, यातलं काहीही मला दिसत नाही. भीमराजच्या बाबतीत तेच झालं.

माझं नाव जयमाला. चाकणहून तळेगावकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचं हॉटेल आहे, 'शिवार' नावाचं. जिथं आज गॅसची भट्टी आहे तिथं माझ्या सासऱ्यांचा कांदा असायचा. जमीन कंपन्यांना गेली, रस्त्यालगतचा एक तुकडा उरला. त्यावर काय करायचं यावर घरात वर्षभर भांडणं झाली आणि शेवटी मी म्हटलं, जेवण मला येतं, तर जेवणच विकू. शाकाहारी, दारू नाही. मालक वारले त्यालाही आता नऊ वर्षं झाली. तेव्हापासून गल्ल्यावर मीच बसते.

गल्ल्यावर माझ्याजवळ एक कॅल्क्युलेटर असतो. त्याची बटणं झिजून आकडे पुसलेत, पण मला बोटांनी पाठ आहेत. बेरीज-वजाबाकी मी तोंडी करते, त्यात मला कोणी गंडवू शकत नाही. पण टक्के म्हटलं की माझं डोकं आजही बंद पडतं. नववीत शाळा सुटली ती टक्क्यांच्या धड्यावरच. सोळा वर्षं हॉटेल चालवणाऱ्या बाईला टक्के काढता येत नाहीत, हे मी कोणालाच कळू दिलं नव्हतं. भीमराजला कळलं होतं, पण तो कधी बोलला नाही.

भीमराज आमचा कॅप्टन. म्हणजे वेटरांवरचा प्रमुख, ऑर्डर घेणारा. हॉटेल उघडलं त्या आठवड्यात आला आणि राहिला. चिखलीत राहतो, आई चिमाबाईंबरोबर. वडील मराठवाड्यातून पिंपरीच्या कारखान्यात आले होते, ते लवकर गेले. भीमराज सातवी शिकलेला. उंच, किंचित वाकलेला, बोलणं इतकं हळू की ऐकायला आपणच वाकावं. सोळा वर्षांत त्याचा आवाज चढलेला मी ऐकला नाही. माझा मात्र त्यानं रोज ऐकला.

त्याची पहिली करामत मी पाहिली ती लाइट गेली होती त्या दुपारी. बिलाचं मशीन बंद, इन्व्हर्टरही बसलेला, आणि तीन टेबलं एकदम उठली. मी हातानं बिल लिहायला घेतलं. एकाच्या जेवणाची बेरीज तीन हजार चारशे पंच्याहत्तर आली. आता त्यावर पाच टक्के टॅक्स लावायचा. नेमका त्या दिवशी कॅल्क्युलेटर घरी राहिलेला. मला घाम फुटला. भीमराज पाण्याचे ग्लास उचलत माझ्या मागून गेला आणि जाता जाता म्हणाला, "पावणेदोनशेला रुपया-सव्वा रुपया कमी, वहिनी."

मी त्याच्याकडे बघत राहिले. गिऱ्हाइकानं मोबाइलवर हिशेब केला. एकशे त्र्याहत्तर रुपये पंच्याहत्तर पैसे. पावणेदोनशेला बरोबर सव्वा रुपया कमी.

"कसं काढलंस रं?" गर्दी पांगल्यावर मी विचारलं.

"काढलं नाही. गोल केलं. चौतीसशे पंच्याहत्तर म्हणजे साडेतीन हजारच धरा. त्याचा दहावा भाग साडेतीनशे. पाच टक्के म्हणजे दहाचं निम्मं, पावणेदोनशे. पंचवीस रुपये जास्त धरले होते, त्याचे पाच टक्के सव्वा रुपया. तो कमी केला."

"आन् हे चालता चालता?"

"चालताना बरं होतं. बसलं की विचार येतात."

मला हसू आलं, आणि खरं सांगायचं तर अंगावर काटाही आला. माझ्या धाकट्या दिराचा मुलगा इंजिनिअर आहे, त्यालाही फोन काढावा लागला असता. पण मी कौतुक केलं नाही. कौतुक करायचं म्हणजे मला येत नाही हे कबूल करणं.

हे तो कुठं शिकला तेही मला फार नंतर कळलं. तरुणपणी चिखलीतल्या एका वर्कशॉपमध्ये पॅकिंगला होता. तिथं माल बाहेर जाण्याआधी प्रत्येक लॉटमधले दहा टक्के पीस तपासायला काढून ठेवायचे. त्यात एखादा खराब निघाला तर आणखी पाच टक्के काढायचे. बाराशे चाळीसचा लॉट असला तर आधी एकशे चोवीस, मग वर बासष्ट. दिवसभरात असे तीस-चाळीस लॉट. इन्स्पेक्टर यायच्या आधी पीस काढून ठेवलेले नसले की शिव्या. वर्कशॉप बंद पडलं, पण दहा आणि पाच त्याच्या डोक्यात राहिले.

हॉटेलात त्या दहा-पाचाला वेगळंच काम लागलं.

आमच्याकडे दुपारचं गिऱ्हाईक सगळं कंपन्यांचं. बाहेरगावचे, परदेशचे पाहुणे येतात, त्यांना जेवायला आणतात. जेवण झालं की साहेब पाहुण्यांना घेऊन गाडीकडे निघतात आणि बिल द्यायला मागे राहतो तो टीममधला सगळ्यात नवा. त्याच्या हातात कंपनीचं कार्ड आणि टिपेसाठी रोख पैसे. दारात पाहुणे उभे, साहेब घड्याळ बघतोय. अशा वेळी मोबाइल काढून आकडेमोड केली तर कंजूष दिसतो, आणि नुसतं अंदाजानं टाकलं तर कमी पडून हसू होतं, नाहीतर जास्त जाऊन पदरचे भरावे लागतात. या पोरापोरींचे चेहरे मी गल्ल्यावरून रोज बघायचे. परीक्षेत पेपर कोरा असल्यासारखे.

आणि भीमराज त्यांच्याजवळ जाऊन काहीतरी पुटपुटायचा. मला वाटायचं, पाणी हवं का विचारत असेल.

आता माझा नियम सांगते. भिंतीवर पाटी आहे, मीच रंगवून घेतलेली: 'टिप मागणाऱ्या कामगाराला त्याच दिवशी कामावरून कमी केले जाईल.' सुरुवातीच्या काळात एक वेटर एका कुटुंबाच्या मागे गाडीपर्यंत गेला होता, हात पुढे करून. त्या बाईनं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं ती मी विसरले नाही. माझ्या दारात येऊन जेवलेल्या माणसाला माझा माणूस भीक मागतो? त्याला काढला, पुढे आणखी एकाला काढला. टिप जी येईल ती गल्ल्याजवळच्या पितळी डब्यात टाकायची आणि शनिवारी सगळ्यांत वाटायची, भांडी घासणाऱ्या गिरजाबाईंपर्यंत.

फेब्रुवारीतली गोष्ट. दुपारचे अडीच वाजले असतील. दादासाहेब गल्ल्यापाशी आले. हे प्लॉटचे व्यवहार करतात, रोज खिडकीजवळच्या टेबलावर बसतात. डब्यात आजवर एक रुपया टाकला नाही, पण बडीशेप मात्र मूठभर नेतात.

"जयमालाताई," ते मोठ्यानं म्हणाले, चार टेबलांना ऐकू जाईल असं, "तुमच्याकडं टिपेचे रेट ठरलेत व्हय? मला म्हायतीच न्हवतं."

"म्हंजी काय?"

"तुमचा कॅप्टन त्या पोरीला सांगत हुता. धाला सातशे शहाऐंशी, पाचाला तीनशे त्र्याण्णव. मी माझ्या कानानं ऐकलं. बाजारात भाव केल्यावानी."

मी पाहिलं तर बारा नंबरच्या टेबलाजवळ भीमराज उभा होता, आणि एक मुलगी घाईघाईनं पर्स बंद करून दाराकडे निघाली होती. दारात तिचे साहेब, चार-पाच पाहुणे. माझ्या कानशिलात रक्त चढलं.

"भीमराज! हिकडं ये."

तो आला.

"त्या पोरीला टिपेचा आकडा सांगितलास?"

त्यानं एकदा दाराकडे बघितलं. "सांगितला, वहिनी."

"धा टक्के आन् पाच टक्के?"

"होय."

"पाटी वाचता येती ना तुला?"

"येते. मी मागितलं नाही, वहिनी."

"मग आकडा काय आरती म्हनून सांगितलास?"

दादासाहेब हसले. ते हसले म्हणून मला आणखी चेव आला. खरं म्हणजे तिथं मी थांबायला हवं होतं. एक प्रश्न आणखी विचारायला हवा होता: का सांगितलास? पण सगळं हॉटेल बघत होतं, आणि ज्या दोघांना मी काढलं होतं त्यांना हेच ऐकवलं होतं. भीमराजला सोडलं असतं तर माझ्या नियमाची काय किंमत राहिली असती? मी महिन्याचा पगार पाकिटात घातला आणि काउंटरवर सरकवला. सोळा वर्षांच्या माणसाला मी पाच मिनिटांत मोकळं केलं.

त्यानं खांद्यावरचा नॅपकिन काढला, चार घड्या घातल्या, डब्यावर ठेवला. "येतो," म्हणाला. बावन्न वर्षांचा माणूस, एवढं एकच बोलला आणि स्टँडवरची सायकल घेऊन निघाला. त्या घड्या घातलेल्या नॅपकिनकडे मला संध्याकाळपर्यंत बघवलं नाही, आणि मी तो उचललाही नाही.

दुसऱ्या दिवशी गिरजाबाई मोरीवरून हात पुसत आल्या. साठीची बाई, माझ्यासमोर कधी मान वर करत नाही. त्या दिवशी केली.

"वहिनी, त्यो मागत न्हाई. त्यो कमी करतो."

"काय कमी करतो?"

"टिप. पोरं घाबरून लई काढत्यात. ह्यो म्हनतो, एवढं नगं, एवढं बास. आमी त्याला शिव्या घालायचो, आमच्या डब्याचं कशापायी पाडतोस म्हनून."

"मग मला का न्हाई सांगितलं?"

"तुमी इचारलं कुटं?"

मी त्यांना कामाला जा म्हटलं. मला पटलं नव्हतं, की पटवून घ्यायचं नव्हतं, कोण जाणे. स्वतःच्या डब्यात येणारे पैसे कमी करणारा वेटर मी कधी ऐकला नव्हता.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक पोरगा गल्ल्यापाशी आला. गळ्यात कंपनीचं कार्ड, मागे दारात पाहुणे. कार्डानं बिल दिलं. मग त्यानं बिलाचा कागद उजव्या हातात असा धरला की अंगठा एका आकड्यावर आला. एक क्षण बघितलं, ओठ हलले, खिशातून दोन शंभराच्या नोटा काढल्या, डब्यात टाकल्या. सगळं मिळून तीन सेकंद.

"थांबा," मी म्हटलं. "ते अंगठ्यानं काय केलंत?"

तो लाजला. "काही नाही, काकू. टिप काढली."

"दाखवा मला."

त्यानं कागद पुढे केला. जेवणाची रक्कम होती २६४०.००, त्याखाली दोन ओळींत टॅक्स, त्याखाली एकूण. त्यानं अंगठा आडवा ठेवला. पैशांची दोन शून्यं, पॉइंट आणि त्याच्या अलीकडचं शून्य, एवढं झाकलं गेलं. वर २६४ राहिले.

"हे दहा टक्के. याचं निम्मं एकशे बत्तीस, ते पाच टक्के. या दोन्हींच्या मधे कुठंही गोल आकडा धरायचा. म्हणून दोनशे. आणि निम्मं करायचाही कंटाळा आला तर हे बघा," त्यानं टॅक्सच्या दोन ओळींवर बोट ठेवलं, "सहासष्ट आणि सहासष्ट. एकशे बत्तीस. हॉटेलचा टॅक्सच पाच टक्के असतो ना, म्हणजे पाच टक्के बिलावर आधीच छापलेले असतात. त्याची दुप्पट दहा. फक्त एकूण रकमेवर अंगठा ठेवायचा नाही. टॅक्सवर टिप कशाला द्यायची?"

मी कागदाकडे बघत राहिले. रोज दीडशे बिलं मी फाडून देते. हा टॅक्स आल्यापासून आठ वर्षं त्या दोन ओळी माझ्या बोटांखालून जात होत्या. ज्याला मी घाबरत होते ते उत्तर मीच छापत होते आणि गिऱ्हाइकाच्या हातात देत होते.

"कोणी शिकवलं हे?"

"भीमराजकाकांनी. आमच्याकडे सगळ्यांना येतं. नवीन कोणी जॉइन झालं की पहिला लंच आम्ही इथंच ठेवतो. कुठं आहेत ते? दिसले नाहीत."

मी बडीशेपची वाटी पुढे सरकवली. पोरगा गेला.

त्यानंतर मी नुसती बघत बसले. तुम्हाला सांगते, माझा विश्वास बसेना. एकापाठोपाठ एक माणसं येत होती. महाळुंग्याच्या कंपनीतली, निघोज्याची, वाकडहून आलेली दोन टापटीप पोरं, पांढऱ्या केसांचा एक मॅनेजर. आणि कागद हातात घेतला की त्यातल्या कितीतरी जणांचा अंगठा त्याच जागेवर जायचा. कोणी पटकन, कोणी चुकत, कोणी आधी एकूण रकमेवर ठेवून मग वर सरकवून. एक केरळची मुलगी होती, तिला मराठी येत नव्हतं, तिचाही अंगठा तिथंच. त्या एका दुपारी मी एकवीस अंगठे मोजले. सातवी शिकलेल्या माणसानं, पाण्याचे ग्लास उचलता उचलता, हळू आवाजात, साऱ्या औद्योगिक पट्ट्याला हे शिकवून ठेवलं होतं. माझ्या डोळ्यांसमोर, माझ्याच हॉटेलात, आणि मला वाटत होतं तो पाणी विचारतोय.

चौथ्या दिवशी ती मुलगी आली. बारा नंबरच्या टेबलावरची. उत्कर्षा नाव तिचं. एकटीच होती, तिनं जेवण मागवलं नाही. सरळ गल्ल्यापाशी आली.

"काकांना थँक्यू म्हणायचं होतं. त्या दिवशी घाईत राहिलं."

"ते नाहीत. का? काय झालं होतं त्या दिवशी?"

तिनं सांगितलं. नोकरीला लागून तिला तीन आठवडे झाले होते, पहिला पगारही हातात आला नव्हता. पाहुणे परदेशी म्हणून तिनं रात्री नेटवर वाचून ठेवलं होतं की पंधरा टक्के टिप द्यायची. पंधरा म्हणजे दहा आणि त्याचं निम्मं, एवढं तिला येत होतं. पण ते तिनं काढलं टॅक्ससकट एकूण रकमेवर. आठ हजार दोनशे त्रेपन्न. आठशे पंचवीस आणि वर चारशे बारा, म्हणजे बाराशे सदतीस. साडेबाराशे रुपये तिनं बिलाच्या फोल्डरमध्ये ठेवले होते.

"आणि आमच्या कंपनीचा नियम असा आहे की टिप जेवणाच्या रकमेच्या दहा टक्क्यांपर्यंतच मिळते. वरचं स्वतःच्या खिशातून. मला माहीतच नव्हतं. काकांना माहीत होतं. ते म्हणाले, 'ताई, तुमच्या कंपनीत दहाच्या वर मिळत नाही, आणि आपल्याकडं पंधराची पद्धतही नाही. टॅक्सच्या वरचा आकडा बघा, सात हजार आठशे साठ. दहाला सातशे शहाऐंशी, पाचाला तीनशे त्र्याण्णव. पाच दिले तरी कोणी नावं ठेवणार नाही.' मी पाचशे उचलून घेतले. साडेसातशे ठेवले."

साडेबाराशेचे साडेसातशे. मला कॅल्क्युलेटर लागला नाही. डब्यात पडणारे पाचशे रुपये त्यानं आपण होऊन तिला परत घ्यायला लावले होते, आणि त्यासाठी मी त्याला चोरासारखा हाकलला होता.

"त्यांनी मला सांगितलं का न्हाई?" मी बोलले ते तिच्याशी नव्हतं, पण तिला वाटलं तिलाच विचारलं.

"कशाबद्दल?"

"काही न्हाई बाळा. तुझे साहेब तेव्हा दारातच होते ना?"

"हो, चार पावलांवर."

मग मला कळलं. त्यानं तोंड उघडलं असतं तर सगळ्यांसमोर हिचं नाव निघालं असतं. नव्या पोरीला टिपेचा हिशेब जमला नाही, हे तिच्या साहेबानं पाहुण्यांच्या देखत ऐकलं असतं. सोळा वर्षांची नोकरी गेली तरी चालेल, पण तीन आठवड्यांच्या पोरीची लाज राहावी. आणि मी विचारत होते, आकडा आरती म्हणून सांगितलास का?

मला रडू आलं. गल्ल्यावर बसून मी पहिल्यांदाच रडले. मालक गेले तेव्हासुद्धा इथं बसून रडले नव्हते.

स्कूटी काढली आणि चिखली गाठली. सोळा वर्षांत मी त्याच्या घरी एकदाही गेले नव्हते. लग्नकार्याला आहेर पाठवला, पण घरात पाय ठेवला नाही. पत्ता गिरजाबाईंनी सांगितला. गल्लीत खाली पत्र्याची वर्कशॉपं, वर माणसांची घरं. घराच्या खालच्याच शेडमध्ये भीमराज बसलेला दिसला. समोर लोखंडी बुशांचा, म्हणजे यंत्रात बसणाऱ्या छोट्या नळकांड्यांचा, ढीग, बाजूला दोन क्रेट. चौथ्याच दिवशी त्यानं काम शोधलं होतं.

"या, वहिनी," तो उठून उभा राहिला, जसं काही मी रोजच येते.

"किती हायेत?" मला दुसरं काही सुचेना, म्हणून ढिगाकडे बघून विचारलं.

"आठशे साठ. शहाऐंशी तपासायला काढायचे."

"चुकलं माझं, भीमराज."

तो हातातला बुश फडक्यानं पुसत राहिला. "नियम बरोबर होता. मी आकडा सांगितला, हे खरंच होतं."

"नियम बरुबर हुता, मी चुकले. उद्यापासनं ये. आन् येताना आईंना घिऊन ये. जेवायला."

"आई हॉटेलात कधी बसली नाही."

"मी बी कधी बसले न्हाई. गल्ल्यावर बसणं येगळं. दोघी बसू."

वरून चिमाबाईंनी हाक मारली, कोण आलंय म्हणून. मी जिना चढले. त्यांनी चहा केला, आणि मुलाचं काय झालं याबद्दल एक शब्द विचारला नाही. त्यांना माहीतच नव्हतं. सुट्टी घेतलीय, असं त्यानं सांगितलं होतं. मी मान खाली घालून चहा प्यायले.

गुरुवारी दुपारी दोघं आले. चिमाबाई पंच्याहत्तरीच्या, पांढरी साडी, हातात एक जुनी पिशवी. मी त्यांना बारा नंबरवर बसवलं आणि समोर मी बसले. गल्ल्यावर गिरजाबाईंना बसवलं, त्या इतक्या ताठ बसल्या होत्या की फोटो काढावा. खिडकीत दादासाहेब होते. भीमराजनं नॅपकिन खांद्यावर टाकला, तोच, घड्यांचा, आणि ऑर्डर घ्यायला आला. दोन थाळ्या मागवल्या. चिमाबाईंनी सावकाश, सगळं संपवून खाल्लं. मुलगा वाढतोय आणि आपण बसलोय, याचं त्यांना अवघड वाटत होतं. मधेच त्या त्याला म्हणाल्या, "तू बी बस ना." तो हसला, पण बसला नाही.

"बिल आण," मी म्हटलं.

"वहिनी, कशाला—"

"गिऱ्हाईक हाय मी. बिल आण."

त्यानं फोल्डर आणून दोघींच्या मधे ठेवलं. माझ्याआधी चिमाबाईंनी कागद ओढून घेतला. त्या लिहायला-वाचायला शिकलेल्या नाहीत. सरकारी कागद, रेशन, नवऱ्याच्या कारखान्याचे पैसे, आयुष्यात जो कागद कोणी समोर ठेवला त्याला त्यांनी एकच गोष्ट दिली. त्यांनी पदराला अंगठा पुसला, शाईची डबी कुठं दिसते का बघितलं, ती नव्हती, मग तसाच अंगठा आकड्यांच्या शेवटी दाबून धरला.

"झालं का, बाई?" त्यांनी मला विचारलं.

मी कागदाकडे बघितलं. जेवणाची रक्कम होती ४६०.००. त्यांच्या जाड, सुरकुतलेल्या अंगठ्याखाली शेवटची तिन्ही शून्यं गेली होती. वर राहिले होते ४६.

"शेहेचाळीस," मी म्हटलं. नववीत सुटलेलं उत्तर मला पंचावन्नाव्या वर्षी आलं, आणि ते मोठ्यानं आलं, कारण दादासाहेबांनी वळून बघितलं. मग मी खालच्या दोन ओळी वाचल्या, साडेअकरा आणि साडेअकरा. "आन् त्येचं निम्मं तेवीस. बरुबर हाय?"

 भीमराज आईच्या अंगठ्याकडे बघत होता, आणि त्याचे डोळे भरले होते.

मी उठले, गल्ल्यापाशी गेले, आणि मोजून शेहेचाळीस रुपये पितळी डब्यात टाकले. सुटे मी घरूनच आणले होते. शेवटचं एकाचं नाणं खणकन वाजलं. तो माझ्या मागे येऊन उभा राहिला होता. नेहमीच्या आवाजात, ऐकायला वाकावं लागेल असं, तो म्हणाला, "वहिनी, तेवीस दिले असते तरी चाललं असतं."